भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात संकेतस्थळावर टाकताना : टेप, फोटो आणि चौकशीचे बटण

माझ्या आत्याचा पुण्यात, कोथरूडला, दोन बीएचके फ्लॅट आहे. ती आता मुलाकडे नाशिकला राहते, त्यामुळे जुने भाडेकरू गेले की नवे शोधण्याचे काम माझ्याकडे येते. पहिल्या वेळी मी संकेतस्थळ उघडले, समोर आलेला अर्ज दहा मिनिटांत भरला, जुन्या भाडेकरूंचे सामान असतानाच काढलेले चार फोटो चढवले आणि बटण दाबले. दोन दिवस फोन वाजत राहिला आणि जवळजवळ प्रत्येकाने तेच पाच प्रश्न विचारले : कितवा मजला, लिफ्ट आहे का, कार्पेट किती, पार्किंग झाकलेले आहे का, मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का. जाहिरातीत यांपैकी एकाचेही नीट उत्तर नव्हते. फ्लॅट पाहायला प्रत्यक्षात तिघे आले आणि तिघेही जिना चढून आल्यावर ‘आम्हाला वाटले होते त्यापेक्षा लहान आहे’ असे म्हणून गेले.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी कागद, मग टेप, मग कॅमेरा आणि सर्वांत शेवटी संकेतस्थळ. मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर, हाउसिंग डॉट कॉम किंवा अन्य कोणतेही संकेतस्थळ घेतले तरी अर्जातील रकाने थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून पुढची तयारी कुठेही चालते.

कागदावरचे क्षेत्रफळ आणि टेपने मोजलेले क्षेत्रफळ

क्षेत्रफळाच्या रकान्यात मनाने किंवा ऐकीव आकडा लिहू नये. फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा आणि त्यासोबतचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढून त्यात कोणते क्षेत्रफळ लिहिले आहे ते पाहावे. कार्पेट म्हणजे घराच्या आतले वापरता येणारे क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार त्यात आतल्या खोल्यांमधील भिंतींची जाडी धरली जाते. बाहेरच्या भिंती, आपल्या वापराची बाल्कनी आणि आपल्या वापराची उघडी गच्ची मात्र धरली जात नाही. बिल्टअपमध्ये बाहेरच्या भिंती आणि बहुधा बाल्कनीही येते, तर सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, मोकळी जागा यांचा वाटाही मिळवलेला असतो. रेराच्या आधीच्या अनेक करारांत फक्त बिल्टअप लिहिलेले सापडते, त्यामुळे कागदावरचा आकडा कोणत्या जातीचा आहे हे समजल्याशिवाय तो जाहिरातीत उतरवू नये.

आत्याच्या करारात कार्पेट ५८.५० चौरस मीटर आणि बाल्कनी ५.२० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून कार्पेट ६३० आणि बाल्कनी ५६ चौरस फूट झाली. आजूबाजूचे एजंट याच फ्लॅटला ‘साडेआठशेचा’ म्हणतात आणि पहिल्या जाहिरातीत मीही तोच आकडा लिहिला होता. पाहायला आलेल्यांची निराशा तिथूनच सुरू झाली होती, हे मला उशिरा कळले. जो माणूस साडेआठशे वाचून येतो त्याला ६३० चा चांगला फ्लॅटही अपुरा वाटतो. ६३० वाचून येणाऱ्याला तोच फ्लॅट ठीक वाटतो.

यानंतर पाच मीटरची टेप घेऊन एका सोबतीसह प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजावी आणि चौकटीच्या वहीत, एक चौकट म्हणजे एक फूट असे धरून, पेन्सिलीने आराखडा काढावा. आमचे मोजमाप असे निघाले : हॉल साडेदहा बाय सतरा, मोठी बेडरूम अकरा बाय बारा, लहान बेडरूम दहा बाय बारा, स्वयंपाकघर आठ बाय साडेनऊ, दोन्ही न्हाणीघरे प्रत्येकी चार बाय साडेसात आणि मधला बोळ साडेतीन बाय दहा. या सगळ्यांची बेरीज सहाशे चौरस फुटांच्या आसपास होते. उरलेले तीसेक फूट आतल्या भिंतींच्या जाडीत गेलेले असतात, त्यामुळे बेरीज थोडी कमी आली तर घाबरायचे कारण नाही. शंभर फुटांचा फरक पडला तर मात्र आपण बिल्टअपलाच कार्पेट समजलो असण्याची शक्यता जास्त, आणि करारनामा पुन्हा वाचावा.

खोल्यांबरोबरच आणखी तीन मापे घ्यावीत, कारण भाडेकरू सामान घेऊन येणार असतो आणि त्याला तीच हवी असतात : मुख्य दाराची आणि बेडरूमच्या दाराची मोकळी रुंदी, फ्रीजसाठी सोडलेल्या कोनाड्याची रुंदी, आणि कपडे धुण्याचे यंत्र ठेवायच्या जागेचे माप. आमच्याकडे फ्रीजचा कोनाडा फक्त सत्तावीस इंचांचा आहे. दोन दारांचा मोठा फ्रीज असलेले एक कुटुंब टोकन देऊन मोकळे झाले होते आणि सामान आणण्याच्या आदल्या दिवशी हे उघड झाले. शेवटी फ्रीज हॉलमध्ये राहिला आणि ते वर्षभर त्याबद्दल बोलत राहिले. तेव्हापासून हा आकडा मी जाहिरातीतच लिहितो.

मजल्याचा रकाना

अर्जात मजल्याविषयी दोन प्रश्न असतात : फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आणि इमारतीला एकूण मजले किती. दिसायला हा सर्वांत सोपा रकाना आहे आणि चुकाही इथेच होतात. आपल्याकडे तळमजला शून्य धरून त्याच्या वरच्याला पहिला मजला म्हणतात. इमारतीखाली खांबांवरचे पार्किंग असेल तर ते तळमजल्याच्या जागी असते, म्हणून त्यावरचा राहता मजला पहिला. पार्किंगलाच पहिला मजला समजून मोजणारा माणूस तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट चौथ्यावर नेऊन ठेवतो, आणि मग दोन रकान्यांत ‘चारपैकी चौथा’ असे दिसते. वाचणाऱ्याला तो सर्वांत वरचा मजला वाटतो. उन्हाळ्यात तापणारा स्लॅब आणि पावसाळ्यात गळणारी गच्ची त्याच्या डोळ्यांसमोर येते आणि तो पुढच्या जाहिरातीकडे वळतो. आमची इमारत पार्किंग अधिक चार मजल्यांची आहे आणि फ्लॅट तिसऱ्यावर, म्हणजे अर्जात मजला ‘३’ आणि एकूण मजले ‘४’.

नव्या मोठ्या संकुलांत पार्किंगचेच दोन-तीन पोडियम मजले असतात आणि राहते मजले त्यांच्या वर सुरू होतात. तिथे लिफ्टमधल्या बटणावर जो आकडा आहे तोच रकान्यात भरावा आणि ‘खाली तीन पोडियम मजले’ हे वर्णनात लिहावे, कारण उंचीची भीती असलेल्या किंवा वयस्कर आईवडिलांसोबत राहणाऱ्या माणसाला ही माहिती आधी हवी असते.

लिफ्ट आहे किंवा नाही एवढे पुरत नाही. वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून लिहावे. लिफ्ट नसेल तर ते लपवू नये. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेला फ्लॅटही तरुण जोडप्यांना किंवा नोकरदार मुलांना चालतो, फक्त ते आधी माहीत असलेले लोकच यायला हवेत.

वहीतल्या आराखड्याचा स्वच्छ फोटो काढून तो जाहिरातीत फोटोंच्या शेवटी जोडावा. संगणकावर काढलेला देखणा आराखडा लागत नाही. काळ्या पेनाने गिरवलेल्या रेघा, प्रत्येक खोलीचे नाव, फुटांतील माप, दारे-खिडक्यांच्या जागा आणि उत्तर दिशेचा बाण एवढे पुरे आहे. पलंग कुठे बसेल, खिडकी कोणत्या बाजूला आहे, न्हाणीघर बेडरूमच्या आतून आहे की बोळातून, हे वीस फोटोंतून जेवढे कळत नाही तेवढे या एका पानातून कळते.

फोटो

फोटो काढण्याचा योग्य दिवस म्हणजे रंगकाम आणि साफसफाई संपल्यानंतरचा, फ्लॅट रिकामा असतानाचा. रिकामी खोली फोटोत थोडी लहान वाटते हे खरे, पण जुन्या भाडेकरूंचे वाळत घातलेले कपडे आणि औषधांचे डबे यांपेक्षा ते बरे. भाडेकरू अजून राहत असतील तर त्यांना आधी विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी जावे, आणि त्यांच्या वस्तू, देव्हारा, मुलांचे फोटो चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी.

वेळ सकाळी नऊ ते अकराची चांगली. सगळ्या खिडक्यांचे पडदे बाजूला सारावेत, सगळे दिवे लावावेत आणि फोन आडवा धरावा. उभा फोटो संकेतस्थळावर दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्यांसह दिसतो किंवा मधूनच कापला जातो. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, फोन छातीच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर, सरळ धरावा. फोन वर किंवा खाली झुकवला की भिंती आत कललेल्या दिसतात. खिडकीकडे तोंड करून काढलेल्या फोटोत खोली काळोखी येते, म्हणून खिडकी पाठीशी किंवा बाजूला राहील असे उभे राहावे; खिडकीतून दिसणारे झाड दाखवायचेच असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्यावा.

फोनमधील ‘0.5x’ ही रुंद भिंग वापरण्याचा मोह होतो, कारण त्यातून दहा फुटांची बेडरूम पंधरा फुटांची भासते. तो आवरावा. पाहायला आलेला माणूस दारातच थबकतो आणि त्याच्या चेहऱ्यावर फसवणुकीचा भाव येतो. त्यानंतर तुम्ही नळाला चोवीस तास पाणी आहे असे सांगितले तरी त्याचा विश्वास बसत नाही. नेहमीची ‘1x’ भिंगच वापरावी. न्हाणीघरासारख्या अगदी अरुंद जागेपुरता अपवाद चालेल.

बारा ते पंधरा फोटो पुरतात आणि त्यांचा क्रम घरात शिरताना दिसतो तसा ठेवावा : हॉल, बाल्कनी, स्वयंपाकघर, ओट्याखालची कपाटे, कोरडी बाल्कनी, मग बेडरूम, न्हाणीघरे, पार्किंगची जागा आणि शेवटी आराखडा. यादीत पहिला फोटो मोठा दिसतो आणि बहुतेक लोक त्यावरूनच जाहिरात उघडायची की नाही ते ठरवतात, म्हणून तिथे हॉलचा सर्वांत उजळ फोटो असावा. इमारतीच्या बाहेरचा फोटो पहिला ठेवणाऱ्यांचे मला कधीच कळलेले नाही. घर हवे असलेला माणूस आधी आतले पाहतो. न्हाणीघराचा फोटो कमोडचे झाकण बंद करून, फरशी कोरडी करून काढावा. तो टाळू मात्र नये, कारण नसलेल्या फोटोचा अर्थ लोक वाईटच लावतात. लहान दोषही दाखवावेत. आमच्या लहान बेडरूमच्या खिडकीसमोर दहा फुटांवर शेजारची इमारत आहे. तो फोटो मी टाकतो.

चढवण्यापूर्वी प्रत्येक फोटो मोठा करून पाहावा. दारावरची नावाची पाटी, फ्लॅट क्रमांक, वीजबिल, गाडीची नंबर प्लेट यांतले काही दिसत असेल तर तो भाग कापावा. फोटो आपल्या फोनवरून थेट चढवावेत. ते दुसऱ्याकडून व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे आले तर दाबले जाऊन धूसर होतात. मागवायचेच झाले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.

प्रत्येक खोलीचा एकेक फोटो आपल्याकडेच, कुठेही न चढवता, राखून ठेवावा. याचे कारण अनुभवातून आले. एका वर्षी आमचेच फोटो दुसऱ्या कोणीतरी कमी भाड्याने जाहिरातीत लावले होते आणि पाहण्याआधीच टोकन मागत होते. ती जाहिरात काढून टाकण्यासाठी संकेतस्थळाकडे तक्रार करताना, त्याच खोलीचा दुसऱ्या कोनातून घेतलेला आणि कुठेच न टाकलेला फोटो जोडला, तेव्हा मूळ मालक कोण हा प्रश्न लवकर मिटला.

अर्ज भरणे आणि वर्णन

आता संकेतस्थळावर खाते उघडावे. अर्जात ‘मालक’ आणि ‘एजंट’ असा पर्याय येतो, तिथे मालक निवडावा. दुसऱ्याच्या वतीने जाहिरात देत असाल, माझ्यासारखे, तर वर्णनात तसे लिहावे. भाडे, अनामत रक्कम आणि मेंटेनन्स हे तीन वेगळे आकडे असतात आणि मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळा, हा खूण करायचा छोटा चौकोन हमखास राहून जातो. घर भाड्याने दिले की सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क घेते, ज्यावर महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. ते धरून भाडे ठरवावे आणि भाडेकरूला वेगळे मागू नये.

‘फर्निश्ड’ आणि ‘सेमी फर्निश्ड’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात निराळा असतो, म्हणून वस्तू मोजून लिहाव्यात. मी गेल्या वेळी टाकलेले वर्णन असे होते :

‘कोथरूड, आनंदनगर मेट्रो स्थानकापासून चालत आठ मिनिटे. दोन बीएचके, कार्पेट ६३० चौरस फूट आणि बाल्कनी ५६. पार्किंग अधिक चार मजल्यांपैकी तिसरा मजला, लिफ्ट आहे, लिफ्टला जनरेटर आहे. हॉल पूर्वेला, सकाळी ऊन येते. लहान बेडरूमसमोर शेजारची इमारत आहे. चार पंखे, सर्व दिवे, स्वयंपाकघरात कपाटे, दोन गीझर, एक लोखंडी कपाट. फ्रीजची जागा २७ इंच रुंद. झाकलेले पार्किंग एक चारचाकी, एक दुचाकी. महापालिकेचे पाणी सकाळ-संध्याकाळ, टाकीतून दिवसभर. भाडे २८,०००, मेंटेनन्स त्यातच. अनामत १,००,०००. करार अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत, खर्च निम्मा-निम्मा. १ जूनपासून रिकामे. पाहण्याची वेळ शनिवार-रविवार सकाळी. मालकिणीच्या वतीने भाचा बोलेल.’

नोंदणीकृत हा शब्द मुद्दाम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. हे आधीच वाचलेला माणूस नंतर ‘साध्या स्टॅम्पपेपरवर करू’ असा आग्रह धरत नाही.

पत्त्याच्या रकान्यात सोसायटीचे नाव द्यावे, पण फ्लॅट क्रमांक देऊ नये. नकाशावरील खूण संकेतस्थळ स्वतःच लावते आणि पुष्कळदा ती चुकीच्या गल्लीत पडते, म्हणून ती बोटाने ओढून जागेवर आणावी.

चौकशीचे बटण

जाहिरात मंजूर होऊन दिसू लागली की दुसऱ्या कोणाचा फोन घ्यावा, त्यावर आपली जाहिरात शोधावी आणि ‘मालकाशी संपर्क साधा’ किंवा तत्सम बटण स्वतः दाबून पाहावे. ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही. बटण दाबल्यावर काही ठिकाणी मालकाचा नंबर सरळ दिसतो, काही ठिकाणी समोरच्याला ओटीपी टाकून आपले नाव-नंबर द्यावे लागते आणि ते मालकाला संदेशाने किंवा ईमेलने कळवले जाते. आमच्या बाबतीत चौकशा ज्या ईमेलवर जात होत्या तो आत्याचा जुना पत्ता निघाला आणि त्यातही त्या ‘स्पॅम’मध्ये पडत होत्या. पाच दिवस जाहिरात थंड आहे असे समजून मी भाडे कमी करण्याच्या विचारात होतो. तिथे अकरा चौकश्या उत्तराची वाट पाहत होत्या.

संपर्कासाठी जमल्यास वेगळा नंबर ठेवावा आणि फोन घेण्याच्या वेळा खात्याच्या सेटिंगमध्ये भराव्यात. पहिल्या काही तासांत येणारे फोन बहुतांशी एजंटांचे असतात. ते ओळखायला एक प्रश्न पुरतो : ‘आपण स्वतः राहणार आहात का?’ एजंट चालणार असेल तर त्याची दलाली कोण देणार हे तेव्हाच बोलून घ्यावे.

चौकशी आली की त्याच दिवशी उत्तर जावे, कारण घर शोधणारा एका संध्याकाळी सात-आठ ठिकाणी बटण दाबतो. मी एक ठरलेला संदेश लिहून ठेवला आहे : ‘नमस्कार, कोथरूडच्या फ्लॅटबद्दल आपली चौकशी मिळाली. राहणारे किती जण, नोकरी कुठे, गाड्या कोणत्या आणि कधीपासून हवे आहे, एवढे कळवावे, म्हणजे शनिवारची वेळ देतो.’ जे चारही गोष्टी कळवतात ते बहुधा येतात. उत्तरे एका वहीत तारखेसह उतरवून ठेवावीत, नाहीतर तिसऱ्या दिवशी कोण कोणते हे आठवत नाही.

एका प्रकारच्या चौकशीपासून मात्र सावध राहावे. समोरचा माणूस स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, बदली झाली आहे, घर पाहायची गरज नाही, अनामत लगेच पाठवतो, असे सांगतो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग एक क्यूआर कोड येतो : तो स्कॅन करून पिन टाकली की पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकली की आपल्याच खात्यातून पैसे जातात. न पाहता घर घ्यायला निघालेल्या माणसाशी बोलणे तिथेच थांबवावे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करावा.

आठवडाभर जाहिरात उघडली जाते पण बटण कोणी दाबत नाही, असे खात्यातल्या आकड्यांवरून दिसले तर भाडे त्या भागातल्या तशाच फ्लॅटपेक्षा जास्त आहे किंवा पहिला फोटो फसलेला आहे. बटण दाबले जाते, लोक पाहायला येतात आणि परत जातात, असे होत असेल तर फोटो किंवा क्षेत्रफळ यांपैकी काहीतरी घरापेक्षा मोठे बोलत आहे.

टोकन मिळाले की जाहिरात त्याच दिवशी ‘भाड्याने दिले’ अशी खूण करून बंद करावी, नाहीतर पुढचे काही महिने फोन येत राहतात. फोटो मात्र फोनमधून पुसू नयेत. ते करारासोबत, काढल्याच्या तारखेसह, एका फोल्डरमध्ये ठेवावेत. अकरा महिन्यांनी अनामत परत करताना भिंतीवरचा ओरखडा जुना की नवा, हे त्यांतच पाहता येते.